चंद्रकलांचा एक्सप्लेनर, नोंद तिसरी: या वेळी आधी ब्रीफ

मागच्या नोंदीत मी चाळीस सेकंदांचं तयार अ‍ॅनिमेशन बाजूला ठेवल्याचं लिहिलं होतं. कारण आता नीट सांगता येईल. तो भाग मी अकरा वर्षांच्या भाचीला दाखवला आणि विचारलं, "चंद्राचा आकार का बदलतो?" ती लगेच म्हणाली, "पृथ्वीची सावली पडते म्हणून, मामा." म्हणजे व्हिडिओ पाहण्याआधी जो गैरसमज होता, तोच पाहून आणखी पक्का झाला. स्क्रिप्टमध्ये कला, ग्रहण आणि भरती-ओहोटी असं सगळंच घेतलं होतं, आणि सावलीचा एकमेव ठसठशीत शॉट ग्रहणाचा होता. तिच्या लक्षात तोच राहिला.

म्हणून या वेळी सॉफ्टवेअर न उघडता एक पानी ब्रीफ लिहिला. तीनच रकाने: प्रेक्षक, एक मुख्य संदेश, टोन.

सगळ्यात जास्त वेळ प्रेक्षकाच्या ओळीला लागला. आधी लिहिलं होतं, "शाळकरी मुलं, वय १० ते १२." त्यावरून एकही फ्रेम सुचेना. मग वयाऐवजी त्यांच्या डोक्यात आत्ता काय आहे ते लिहिलं: "ज्यांना चंद्राचे आकार माहीत आहेत, पण ते पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं वाटतं, अशी मुलं." ही ओळ कागदावर आली आणि पहिला शॉटच सापडला. दुपारचं आकाश, पश्चिमेकडे झुकलेला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला अर्धा चंद्र. दोघे एकाच वेळी आकाशात दिसतायत, मग पृथ्वी मध्ये आलीच कुठे? सावलीचा समज इथेच डळमळतो, एकही आकृती न काढता. वयोगट लिहून थांबलो असतो तर मी पुन्हा सूर्य-पृथ्वी-चंद्राच्या वर्तुळांपासूनच सुरुवात केली असती.

मुख्य संदेशाचे चार खर्डे झाले. पहिला होता, "चंद्राच्या कला कशा होतात." हा विषय झाला, संदेश नव्हे; त्याला खरं किंवा खोटं म्हणता येत नाही. शेवटचा असा: "चंद्राचा अर्धा भाग नेहमी उजळलेला असतो, त्यातला किती आपल्याला दिसतो, तेवढाच बदलतो." आता प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारतो: हा या वाक्याला हातभार लावतो का? भरती-ओहोटी लगेच गेली. ग्रहणही गेलं, जरी तो शॉट मला फार आवडायचा.

एका ठिकाणी मात्र अडलो. पौर्णिमेला पृथ्वी सूर्य आणि चंद्राच्या मध्ये असते, मग तेव्हा सावली का पडत नाही? हुशार मूल हे विचारणारच. उत्तर असं की चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे मुख्य संदेशात नाही, पण प्रेक्षकाच्या ओळीतल्या गैरसमजाला थेट भिडतं. म्हणून चार सेकंद ठेवले. त्या शॉटमध्ये अंतरही खरं दाखवणार आहे: पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये पृथ्वीच्या व्यासाच्या साधारण ३० पट जागा असते. माझ्या जुन्या आकृतीत ते एकमेकांना चिकटलेले होते, आणि तशा चित्रात सावली चुकेल असं कुणालाच वाटणार नाही.

टोनच्या रकान्यात आधी "मजेशीर आणि सोपा" होतं. त्यावरून ना आवाज ठरतो, ना हालचाल. आता लिहिलंय: "गच्चीत शेजारी उभं राहून बोट दाखवणारा दादा, घाई नाही." त्यावरून निवेदनात "तू" येईल, "तुम्ही" नाही, आणि "चला तर मग पाहूया" हे वाक्य गेलं. हालचालही ठरली: उसळणारे बाउन्स नकोत, सगळीकडे सावकाश इज-इन आणि इज-आउट, म्हणजे हालचाल हळू सुरू होऊन हळूच थांबेल, आणि दुपारचा अर्धा चंद्र दिसला की दीड सेकंद काहीही हलणार नाही. २४ फ्रेम प्रति सेकंदाने ते ३६ फ्रेम. टाइमलाइनवर ती जागा फार मोकळी दिसते, कापावीशी वाटते. पण मुलाला सूर्याकडून चंद्राकडे नजर नेऊन परत यायला तेवढा वेळ लागतोच.

काल फक्त पेन्सिल फ्रेम्स आणि फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज जोडून ७५ सेकंदांचं अ‍ॅनिमॅटिक केलं आणि भाचीच्या एका मैत्रिणीला दाखवलं, कारण भाचीला आता उत्तर माहीत आहे. तोच प्रश्न विचारला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तो अर्धा तर नेहमीच उजेडात असतो, आपल्याला कधी बाजूने दिसतो." आणि लगेच पुढे, "मग अमावास्येला त्याची उजेडातली बाजू कुठे असते?"

हा शॉट माझ्याकडे नाही. संदेशात तो नक्की बसतो, म्हणून पौर्णिमेच्या आधी सहा सेकंद काढतोय. पुढच्या नोंदीत त्याची लेआउट टाकतो.