आमची वाटचाल: रोजच्या पोस्टकडून आठवड्याच्या दोन पोस्टकडे

हाताने शिवलेल्या वह्या आणि डायऱ्या बनवण्याचं आमचं काम. ‘आमचं’ म्हणायची सवय आहे, पण कागद दुमडण्यापासून पार्सलवर पत्ता लिहिण्यापर्यंत सगळं मी एकटीच करते. त्यामुळे इन्स्टाग्रामवर रोज एक पोस्ट टाकायची असं ठरवलं, तेव्हा तेही माझ्याच अंगावर आलं.

तीन महिने मी ते नेमाने केलं. नव्वद दिवसांत ८४ पोस्ट झाल्या. फोटो, व्हिडिओची काटछाट, मजकूर आणि मग आलेल्या प्रतिक्रियांना उत्तरं, असे एका पोस्टमागे सरासरी दोन तास जायचे. म्हणजे १६८ तास. एक डायरी पूर्ण व्हायला मला चार तास लागतात. तेवढ्या वेळात ४२ डायऱ्या झाल्या असत्या.

पण मला थांबवलं ते या हिशेबाने नाही. एका संध्याकाळी फर्मे, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे जुडगे, शिवत होते आणि डोक्यात उद्याच्या पोस्टचं वाक्य जुळवत होते. एका फर्म्यातलं भोक चुकलं, दोरा तिरका गेला आणि ते मला डायरीचा कणा चिकटवून झाल्यावर दिसलं. सगळं उसवावं लागलं. त्या सुमारास ग्राहकाचा मेसेज आला की फोन पालथा ठेवावासा वाटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि कामातली कार्यक्षमता घसरणं. तिन्ही माझ्या टेबलावर हजर होत्या.

मग मी त्या ८४ पोस्ट एका वहीत उतरवल्या. लाइक किंवा किती जणांपर्यंत पोहोचली हे बाजूला ठेवलं आणि फक्त दोन रकाने आखले: किती जणांनी पोस्ट सेव्ह केली आणि तिच्यावरून किती जणांनी चौकशी केली. पोस्टचा उल्लेख करून आलेल्या चौकशा होत्या ३७. त्यातल्या २६ फक्त नऊ पोस्टवरून आल्या होत्या. त्या नऊही पोस्टमध्ये काहीतरी जवळून दाखवलेलं होतं: मेण लावलेला दोरा ओढल्यावर फर्मे कसे एकमेकांना घट्ट बसतात, डायरी मधोमध उघडली तरी सपाट कशी राहते, जाड कागदावर शाई मागे उमटते का. शुभेच्छा, सुविचार आणि ‘आज काय बनवतेय ओळखा’ यांवर लाइक भरपूर होते, चौकशी जवळजवळ नव्हती.

आताची पद्धत अशी आहे. आठवड्यात दोन पोस्ट, मंगळवार आणि शुक्रवार. व्हिडिओसाठी वेगळा दिवस काढत नाही. फोन टेबलाच्या वर स्टँडला लावलेला असतो आणि एखादी पायरी छान दिसेल असं वाटलं की काम न थांबवता तीस सेकंद चित्रण करते. दर दुसऱ्या सोमवारी सकाळी तीन तास बसून चार पोस्ट तयार करते आणि त्यांची वेळ लावून टाकते. उत्तरं दिवसातून दोनदा, जेवणाआधी आणि काम आवरताना.

यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे पोस्टची शिल्लक. कधीही जुन्या होणार नाहीत अशा चार पोस्ट मी कायम बाजूला तयार ठेवते. ताप आला किंवा मोठी ऑर्डर आली की त्यातून एक निघते. शिल्लक दोनवर आली की पुन्हा चार होईपर्यंत आठवड्याला एकच पोस्ट. हा नियम मी लिहून भिंतीवर लावला आहे, कारण थकलेल्या दिवशी मी नेहमी चुकीचाच निर्णय घेते.

पहिले पाच आठवडे पोस्ट पाहणाऱ्यांची संख्या उतरली आणि मला धास्ती वाटली. चौकशांचा आकडा मात्र पुढच्या तीन महिन्यांत ३५ राहिला, आणि लागणारा वेळ निम्म्याहून खूप खाली आला. यातून ‘कमी पोस्ट म्हणजे चांगल्या पोस्ट’ असा अर्थ मी काढत नाही. सुरुवातीच्या त्या ८४ पोस्ट नसत्या तर कोणत्या नऊ चालतात हे मला कळलंच नसतं. ज्याचा माल रोज बदलतो त्याला रोज सांगावंच लागतं, पण त्याला एक साधा फोटो आणि दोन ओळी पुरतात. माझ्याकडे महिनाभर तीच डायरी असते.

गेल्या महिन्यात एका शाळेची शंभर वह्यांची ऑर्डर होती. शिल्लक दोनवर आली, मी आठवड्याला एका पोस्टवर उतरले. काल सोमवारी बसून दोन नव्या केल्या. एकीत कण्यावर कापडाची पट्टी बसताना दिसते.