मांडूची सहल आणि नारळाची झाडं

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले होते तर लेकाच्या डायरीत चिकटवलेली नोटीस दिसली. मांडूच्या सहलीचा संमतीचा फॉर्म खालच्या लिंकवर भरा. केलं टाईप, तर उघडलं काय, केरळातल्या कुठल्याशा होमस्टेचं पान! नारळाची झाडं, होडी, खोलीचं भाडं २८०० रुपये. मला वाटलं मीच चुकले, म्हणून अजून दोनदा टाईप केलं, पुन्हा नारळ.

आमच्या इंदूरच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तोवर पेटलाच होता. "मॅडम, मांडूचं केरळ कधी झालं?" "खाणं यात धरलंय का?" एका बाबांनी तर म्हणे तिथे फोन करून चौथी बच्या मुलांसाठी शाकाहारी जेवण मिळेल का विचारलं.

मॅडम बिचाऱ्या हैराण. "अहो, मी बघून बघूनच टाईप केलंय." केलं होतंच, तिथेच गोची झाली. खरी लिंक अशी होती आणि नोटिशीतली तशी:

```
/mdl4kq
/mdI4kq
```

वरचा तिसरा स्मॉल एल, खालचा कॅपिटल आय. त्यांच्या लॅपटॉपच्या फॉण्टमध्ये दोन्ही नुसत्या उभ्या काड्या, मग करणार काय. फॉण्ट बदलून कुरिअर केला तेव्हा फरक दिसला. साइटच्या नावात कॅपिटल-स्मॉल काहीही चालतं, पण तिरप्या रेघेच्या पुढे, त्यातून या छोट्या लिंकांमध्ये, ते बहुतेक चालत नाही, तिथे मोठं आणि छोटं अक्षर म्हणजे दोन वेगळी घरं. आणि चुकीच्या घरात माणूस राहत असेल तर मॅडमना तिथे पाटी लावून कुणाला इकडे वळवता पण येत नाही, ते पान त्यांचं नाहीच ना!

आमच्या आजोबांना रामबागेत पत्रं यायची. पुण्याची आत्या पिनकोडचा शेवटचा आकडा हमखास चुकवायची, तरी पत्र यायचंच, कारण पहिले तीन आकडे ४५२ बरोबर असले की ते इंदूरकडे तर यायचं, पुढे पोस्टमनकाका होतेच. एकदा तिने घर नंबरही चुकवला. काका सायकल टेकवून म्हणाले, "आजोबा, अक्षर तुमच्या लेकीचंच आहे ना?" आणि पोह्यांची डिश हातात घेऊन ओट्यावर बसले. जीरावन जास्त लागायचं त्यांना, आई वेगळी वाटीच ठेवायची.

लिंकला मात्र कुणी अक्षर ओळखणारं नाही. एक काडी चुकली की थेट नारळ.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी नवी नोटीस पाठवली, या खेपेला क्यूआर कोड छापून, आणि आधी स्वतःच्या मिस्टरांच्या फोनवर स्कॅन करून बघितला म्हणे. पोरं मांडूला जाऊनसुद्धा आली, जहाज महाल बघून.

आमच्या फोनवर ते होमस्टेचं पान अजून उघडंच आहे. दिवाळीत खोली आहे का, हे विचारायला हे रोज उद्या-उद्या करतायत.