तुळशीचं गोंदण अखेर कातडीत उतरलं

परवा रात्री दीडच्या सुमाराला पहिल्यांदाच असं झालं, की सुईआधी क्लायंटच्या हाताच्या फोटोवर गोंदण बसवून दाखवणाऱ्या माझ्या प्रिव्ह्यूमध्ये डिझाइनची कड कुठे सुरू होते ते मला स्क्रीनवर मोठं करून शोधावं लागलं. तीन महिने जे स्टिकर चिकटवल्यासारखं दिसत होतं, ते कातडीच्या आत गेलंय. म्हणून हे घाईघाईनं लिहितेय.

वळणाचा भाग मागच्या वेळीच बऱ्यापैकी जमला होता. नव्यांसाठी एवढंच सांगते: क्लायंटच्या हाताचा घेर कोपराखाली 26 सेंमी, म्हणजे त्रिज्या साधारण 4.1 सेंमी. तिथे 8 सेंमी रुंद तुळशी वृंदावन गुंडाळलं, तर समोरून ते 6.8 सेंमीच दिसतं, आणि कडेच्या ठिपक्यांची रुंदी जवळजवळ निम्मी होते. मनगटाकडे घेर 17 सेंमी, म्हणून नळकांड्याऐवजी शंकू धरला. वृंदावनाच्या पायऱ्यांच्या आडव्या रेघा शंकूवर थोड्या कमानदार होतात, आणि तेवढ्यानं डोळ्याला वळण पटतं. फोटोच्या उजेड-सावलीवरून डिझाइन वाकवणारं डिस्प्लेसमेंट फिल्टर मात्र मी कायमचं सोडलं. उजळ म्हणजे वर आलेलं, हे त्याचं गृहीतक हातावर चालत नाही. तीळ त्याला खड्डा वाटतो आणि तेलाचा डाग टेकडी.

तर आकार बरोबर, तरी स्टिकर. मल्टिप्लाय लावलं, अपारदर्शकता 100 वरून 85 वर आणली, कडा किंचित धूसर केल्या. अपारदर्शकता कमी केली की गोंदण फिकं दिसायचं, पण कातडीच्या वरच राहायचं. मी शाईच्या रंगातच दोष शोधत बसले होते.

उत्तर मिळालं ते क्लायंटच्या आजींच्या हातावर. हिला आजींचंच गोंदण आपल्या हातावर हवंय, म्हणून नमुना उतरवून घ्यायला त्या स्वतः आल्या होत्या. खिडकीशी बसल्या, हाताला नुकतंच खोबरेल लावलेलं. त्यांनी हात फिरवला तशी उजेडाची पांढरी रेघ कातडीवरून सरकत हिरव्या गोंदणावर आली आणि तशीच पुढे गेली. गोंदणावरून जाताना ती जराही काळवंडली नाही. शाई आत आहे आणि चकाकी वरच्या थरावर! माझं मल्टिप्लाय त्या चकाकीलाही शाईनं गुणत होतं. काळ्या रेघेतली चकाकी मरायची, आणि चकाकी नसलेली काळी रेघ म्हणजे वरून चिकटवलेला कागद.

म्हणजे फोटोचे दोन भाग हवेत: कातडीच्या आत जाऊन परत आलेला उजेड, आणि वरच्यावरच उसळलेला. आधी एकाच फोटोतून चकाकी ओळखायचा प्रयत्न केला, सर्वांत उजळ पिक्सेल धरून. गव्हाळ कातडीवर ते निम्मं-शिम्मं चाललं, पण क्लायंटच्या मनगटाच्या गोऱ्या आतल्या बाजूला साधी कातडीच चकाकी ठरायला लागली.

मग पोलरायझर काढले. एलईडी पॅनलवर लिनियर पोलरायझर शीट, लेन्सवर सीपीएल, म्हणजे फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर. सीपीएल फिरवत एका टोकाला नेलं की चकाकी पूर्ण जाते आणि हात मॅट, मातीच्या भांड्यासारखा दिसतो. तिथून 90 अंश फिरवलं की चकाकी पूर्ण परत. कातडीच्या आतून येणाऱ्या उजेडाचं ध्रुवीकरण आत विखुरताना मोडलेलं असतं, त्यामुळे तो दोन्ही फोटोंत सारखाच येतो. म्हणून वजाबाकी केली की उरते फक्त चकाकी. शीट स्वस्तातली चालली. सीपीएल मात्र बरा घ्या. माझ्या पहिल्या फिल्टरमधून फोटोला जांभळट झाक यायची आणि वजाबाकीत तीच झाक चकाकीचा रंग होऊन बसायची. खोलीतला दुसरा प्रत्येक दिवा बंद हवा.

```python
# p: चकाकीसह, c: चकाकीविना, T: वाकवलेलं डिझाइन
# तिन्ही लिनियर, 0 ते 1
s = (p - c).clip(0, None)
out = c * T + s
```

एवढंच. पण तिन्ही लिनियर असण्यावर, म्हणजे गॅमा काढून आकडे थेट उजेडाच्या प्रमाणात असण्यावर, माझे दोन दिवस गेले. नुसतं मल्टिप्लाय असेल तर गॅमासकट गुणा किंवा काढून गुणा, उत्तर जवळपास तेच येतं, म्हणून इतके दिवस काही बिघडलेलं कळलंच नाही. बेरीज मात्र तशी माफ करत नाही. साध्या जेपीजीवर चकाकी मिळवली तर काळ्या रेघांवरची चकाकी मंद पडते. चकाकी अशी मंद दिसली तर आधी गॅमा तपासा. रॉ फाइल्सवर ती लगेच खुलली.

दुसरा त्रास हात हलण्याचा. सीपीएल फिरवायला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढ्यात हात तीन-चार पिक्सेल सरकतो. मग प्रत्येक केसाच्या एका बाजूला खोटी पांढरी कड उमटते. कोपर आणि मनगट तांदळाच्या दोन छोट्या पिशव्यांवर टेकवल्यावर बरंच सुधारलं, उरलेलं `cv2.findTransformECC` नं जुळवलं. दोन फोटोंच्या एकंदर उजेडातल्या फरकानं ते बिचकत नाही, म्हणून इथे योग्य. पण हात स्वतःभोवती थोडा वळला असेल तर तेही हरतं. फोटो परत काढायचा.

आता काळा रंग. शुद्ध शून्य काळा अजूनही खोटा दिसत होता. माझ्या मनगटावरच्या सहा वर्षं जुन्या काळ्या पट्टीचा त्याच मांडणीत फोटो काढला आणि शेजारच्या कातडीशी भागाकार केला: लाल 0.14, हिरवा 0.17, निळा 0.22. निळा सर्वांत कमी घटतो, कारण शाईच्या वरच्या थरात निळा उजेड जास्त विखुरून परत येतो. बरं झालेलं काळं गोंदण निळसर वाटतं ते यामुळेच. हे आकडे माझ्या कातडीचे आणि माझ्या शाईचे आहेत, पण `T` मधला काळा तिथे नेल्यावर चित्र एकदम बसलं. वृंदावनाभोवतीचे पिवळे ठिपकेही आता कातडीतून गाळलेले, मातकट दिसतात. क्लायंटनं ते बघून स्वतःच पिवळा काढून टाकायला सांगितलं. माझ्यासाठी या सगळ्या खटपटीतली ही सर्वांत मोठी कमाई. बरं झालेलं गोंदण आधी दिसलं आणि निर्णय सुईच्या आधी झाला.

पुढे ताजं गोंदण विरुद्ध बरं झालेलं गोंदण अशी सरकपट्टी करायची ठरवलं होतं. ती आता मागे टाकते, कारण प्रिव्ह्यू बघता बघता क्लायंटनं तळहात खाली वळवला आणि विचारलं, "ताई, हात असा केला तर तुळस वाकडी होईल का?"

होईल. मनगटाजवळची कातडी तळहाताबरोबर बरीच फिरते, कोपराजवळची जवळजवळ जागची हलत नाही. माझ्या मॉडेलमध्ये हा पीळ अजिबात नाही. सुरुवातीला कोपरापासून मनगटापर्यंत सरळ प्रमाणात वाढणारा कोन धरून शंकूवर मिळवता येईल. पण तो खरंच सरळ प्रमाणात वाढतो का, ते आधी मोजायला हवं. कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत काजळाच्या पेन्सिलीनं एका रेषेत सात ठिपके काढून, तळहात वर आणि तळहात खाली असे फोटो शनिवारी घेणार आहे. कुणी हातावर असं मोजलं असेल तर आकडे सांगा. स्टेन्सिल हात सैल सोडून, अंगालगत असतानाच लावायचा, हे तर क्लायंटला आजच सांगून टाकलंय.