सुई एवढ्या खाली का?

"डॉक्टर, पाणी फुप्फुसात झालंय म्हणता, मग सुई पाठीत एवढ्या खाली का? फुप्फुसाला लागणार नाही ना?"

पाणी फुप्फुसात नसतं, त्याच्या बाहेर असतं. फुप्फुसाला एक पातळ पडदा चिकटलेला असतो आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरा. पाणी साचतं ते या दोन पडद्यांच्या मधे; मोठ्या माणसात तिथे एरवी दोन्ही बाजूंचा मिळून जेमतेम 15 मिली ओलावा असतो.

गंमत खालच्या कडेला आहे. साधा श्वास घेताना फुप्फुस काखेच्या रेषेत साधारण आठव्या बरगडीपर्यंत पोचतं. बाहेरचा पडदा मात्र दहावीपर्यंत जातो. पाठीत, मणक्याजवळ, हाच फरक दहावी ते बारावी असा असतो. मधल्या दोन बरगड्यांच्या पट्ट्यात फुप्फुस नसतं. तिथे बरगड्यांकडचा पडदा श्वासपटलावरच्या पडद्याला टेकलेला असतो. खोल श्वास घेतला की फुप्फुस या खाचेत उतरतं, पण ती पूर्ण भरत नाही.

म्हणूनच पाणी तिथे जातं. बसलेल्या माणसात छातीची सगळ्यात खोल जागा तीच, आणि श्वासपटल मागे जास्त खाली उतरत असल्यामुळे पाणी आधी मागच्या बाजूला साचतं. फुप्फुस हलकं आणि ताणलेल्या रबरासारखं. पाणी वाढलं की ते आक्रसून वर सरकतं. समोरून काढलेल्या एक्स-रेत मागची खाच श्वासपटलाच्या घुमटाआड लपते. त्यामुळे बरगड्या आणि श्वासपटल यांच्यातला टोकदार कोपरा बोथट दिसायला साधारण 200 मिली पाणी लागतं, बाजूने काढलेल्या फोटोत मात्र 50 मिलीसुद्धा कळू शकतं.

माझ्याकडे एक चोवीस वर्षांचा मुलगा आला होता. आधीच्या दवाखान्यात झोपवून काढलेल्या एक्स-रेत उजवीकडे फक्त धुरकटपणा होता, म्हणून न्यूमोनियाचं औषध चालू होतं. झोपल्यावर पाणी पाठीवर पसरतं, कोपऱ्यात राहत नाही. मी त्याला बसवून पाठीवर बोटाने ठोकून पाहिलं: फुप्फुसाचा पोकळ आवाज जिथे थांबला, तिथून खाली बद्द. सोनोग्राफीत पाणी दिसलं, श्वासपटल कुठे आहे तेही.

बद्द आवाज सुरू होतो तिथून एक बरगडी खाली सुई घातली, बरगडीच्या वरच्या कडेला लागून, कारण खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. नवव्या बरगडीच्या खाली मी जात नाही. तिथे उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा लागण्याची भीती. पडदे चिकटून पाणी कप्प्यांत अडकलं असेल, तर हा हिशेब चुकतो; मग सोनोग्राफी दाखवेल तीच जागा.

पिवळसर पाणी निघालं, 800 मिली. तपासणीत टीबी निघाला. शेवटी त्याला खोकल्याची उबळ आली आणि आई घाबरली. आक्रसलेलं फुप्फुस परत फुलून खाली येत होतं. मी तिथेच थांबलो.