बाबांचा बोरू आणि उस्कुदारचा अलिफ

या खेपेला सांगलीला येताना बॅगेत तुर्की मिठाईचे डबे होतेच, पण कपड्यांच्या घड्यांत दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेला एक कागदही होता. उस्कुदारला, म्हणजे इस्तंबूलच्या आशियाई काठावर, गेली तीन वर्षं मी दर शनिवारी अरबी सुलेखन शिकायला जातो. तिकडं त्याला 'हत' म्हणतात. आमच्या वर्गातल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलेली हिल्या मी विकत घेतली होती, तीच घरी आणली.

आईनं पुठ्ठा सोडला, कागद उजेडाकडं धरला आणि विचारलं, "आणि ह्यात चित्र कुठंय?"

"हेच चित्र आहे."

"ही तर सगळी अक्षरं आहेत की रे."

आईचं बरोबर होतं. हिल्या म्हणजे पैगंबर मुहंमद दिसायला कसे होते, त्याचं शब्दांतलं वर्णन. हे वर्णन त्यांचे जावई अली यांच्या तोंडून आलेलं मानतात. फार उंच नव्हते, ठेंगणेही नव्हते. केस अगदी कुरळे नव्हते, अगदी सरळही नव्हते. चेहरा पूर्ण गोल नव्हता, पण थोडी गोलाई होती. डोळे काळेभोर, पापण्या लांब. वाचताना गंमत अशी होते, की माणूस डोळ्यांसमोर येऊ लागतो आणि नेमका चेहरा हातून निसटतो. "असा नव्हता, तसाही नव्हता" म्हणत जाणारं वर्णन, त्याचं रेखाटन कसं करणार? आपल्या 'नेति नेति'ची आठवण होते, पण तिथं विषय ब्रह्माचा आहे आणि इथं माणसाचा, हा फरक विसरायचा नाही.

कागदावरची मांडणी मात्र एखाद्या देहासारखीच आहे. सर्वात वर बिस्मिल्ला. तिच्याखाली मोठं वर्तुळ, त्याला तुर्कीत 'गोबेक' म्हणतात, म्हणजे पोट. त्यात वर्णनाचा बराचसा मजकूर. वर्तुळाला कवेत घेणारी सोनेरी चंद्रकोर. चार कोपऱ्यांत पहिल्या चार खलिफांची नावं. खाली मोठ्या अक्षरांत कुराणातली एक ओळ, की तुला आम्ही साऱ्या जगांसाठी करुणा म्हणूनच पाठवलं. अगदी तळाला 'एतेक', म्हणजे घागऱ्याचा घेर, तिथं उरलेला मजकूर आणि लिहिणाऱ्याची सही. ही मांडणी रूढ केली हाफिझ उस्मान या उस्मानी सुलेखनकारानं. तो १६९८ मध्ये वारला. तेव्हापासून तुर्की घरांत, जिथं आपण वाडवडिलांची तसबीर लावू तिथं, हिल्या लावतात.

"म्हणजे त्यांच्यात फोटो चालत नाही, म्हणून अक्षरं. एवढंच ना?" आईनं चहा ओतता ओतता निकाल लावला.

एवढंच नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडं त्या हमखास एकात एक मिसळतात.

पहिली गोष्ट देवाच्या चित्राची. तिच्याबद्दल मुसलमानांत कुठल्याही पंथात वाद नाही. कुराणाचा ११२ वा अध्याय फक्त चार ओळींचा आहे: तो एक आहे, त्याला कुणाची गरज नाही, त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. चित्र म्हणजे कशाशी तरी साम्य. ज्याच्यासारखं काहीच नाही, त्याचं साम्य कशाशी दाखवणार? इथपर्यंत आपल्या निर्गुण निराकाराशी जुळतं. पुढं वाट फुटते. आपण निर्गुण मान्य करून भक्ताच्या सोयीसाठी सगुण मूर्ती पुढं ठेवतो, ती पायरी धरून चढतो. इस्लामनं नेमकी तीच पायरी काढून टाकली. मक्केतल्या लोकांना एक थोरला देव माहीत होताच. त्यांचं म्हणणं, मूर्ती आम्हाला त्याच्याजवळ नेतात म्हणून त्यांना पुजतो. कुराणाच्या ३९ व्या अध्यायात हे त्यांचं म्हणणं सांगून खोडून काढलं आहे. भांडण दगडाशी कमी आणि मधल्या वकिलाशी जास्त होतं. ६३० मध्ये मक्का हाती आली तेव्हा काबामधल्या मूर्ती काढल्या गेल्या, त्या याच विचारातून.

दुसरी गोष्ट माणसं आणि जनावरांच्या चित्रांची. कुराणात तिच्यावर सरळ बंदी नाही. ती हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि आठवणींमधून येते. चित्रकाराला शेवटच्या दिवशी सांगितलं जाईल, जे घडवलंस त्यात आता प्राण भर. 'मुसव्विर' म्हणजे आकार देणारा, हे अल्लाहच्या नावांपैकी एक, आणि तोच शब्द चित्रकारालाही लागतो. खटका उडतो तो तिथं. पण त्याच हदीसमध्ये एक घरगुती प्रसंगही आहे. पैगंबरांच्या पत्नी आएशा यांनी चित्रं असलेला पडदा लावला होता, तो पैगंबरांना आवडला नाही. मग आएशांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या आणि त्या घरात वापरल्या. भिंतीवर मानानं टांगलेलं चित्र नको, टेकायच्या उशीवर आलं तर चालून गेलं, असा अर्थ पुढं बऱ्याच जाणत्यांनी काढला. झाडं, निर्जीव वस्तू काढायला एका हदीसनं मोकळीकही दिली आहे. म्हणून इराणी, मुघल आणि तुर्की दरबारांत माणसांची चित्रं भरपूर निघाली. १५९५ च्या सुमारास सुलतान तिसऱ्या मुरादसाठी झालेल्या पैगंबरचरित्रात खुद्द पैगंबरही चितारले आहेत, फक्त चेहऱ्यावर पांढरा पडदा. कुराणाच्या पोथीत मात्र वेली, चांदण्या, सोनं सगळं चालतं, जिवंत आकृती येत नाही.

चित्राची जागा अक्षरानं कशी घेतली, हे बघायला मला मशिदीपेक्षा नाणं जास्त आवडतं. दमास्कसच्या खलिफा अब्दुल मलिकनं आधी सोन्याच्या नाण्यावर स्वतःची उभी आकृती पाडली होती, हातात तलवार, शेजारच्या बायझंटाईन नाण्यांच्या वळणावर. त्या सुमारास तिकडच्या सम्राटानं आपल्या नाण्यावर येशूचा चेहरा आणला. मग ६९६-९७ च्या दरम्यान अब्दुल मलिकनं नाण्यावरून माणूसच काढून टाकला. सव्वाचार ग्रॅमच्या सोन्याच्या चकतीवर दोन्ही बाजूंना फक्त मजकूर, आणि एका बाजूला त्या चार ओळींच्या अध्यायातले शब्द: त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. चित्र का नाही, याचं उत्तर चित्राच्याच जागी लिहून टाकलं. बाजारात हातोहात फिरणारं उत्तर.

आता अक्षरावर एवढा भार आल्यावर ते कसंही लिहून कसं भागेल? बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) यानं अक्षराला माप दिलं, आणि ते माप आजही आमच्या वर्गात चालतं. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, आणि थोट्या हाताला कलम बांधून तो लिहीत राहिला, असं सांगतात. मापासाठी पट्टी लागत नाही. कलम तिरकं टेकवून थोडं ओढलं, की टोकाच्या रुंदीएवढा शंकरपाळ्यासारखा ठिपका पडतो. तो नुक्ता. आमच्या 'सुलुस' वळणात अलिफची, म्हणजे अरबीतल्या पहिल्या उभ्या अक्षराची, उंची असे सात नुक्ते. कलम जाड घ्या की बारीक, नुक्ता त्याच्याबरोबर वाढतो, घटतो, म्हणून प्रमाण हलत नाही.

पहिल्या दिवशी मिळणारा धडा म्हणजे एक प्रार्थना, "प्रभो, सोपं कर, अवघड करू नकोस." तेवढी एक ओळ मी सात महिने गिरवली. माझा अलिफ मोजून सात नुक्ते भरायचा, तरी उस्ताद त्याच्याशेजारी लाल शाईनं दुसरा काढून द्यायचे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसायचं: माझा काठीसारखा ताठ, त्यांचा किंचित कललेला, मध्ये कळेल न कळेल असा वळलेला, खाली बारीक होत गेलेला. माप पाळलं म्हणजे अक्षर आलं असं नाही, पण माप चुकलं तर पुढचं बोलायलाच नको.

एवढ्यात बाबा आतून आले. वय ७८. कलम हातात घेतलं, टोक अंगठ्यावर घासून बघितलं. "अरे, हा तर बोरू!"

बोरूच तो. तसाच गवताच्या जातीचा, तसाच तिरका छाटलेला, मध्ये तशीच चीर, शाई उतरायला. बाबांच्या शाळेत कित्ता गिरवायला हाच होता. फक्त हे लोक छाटताना कलम हाडाच्या पट्टीवर आडवं ठेवतात आणि एका दाबात टोक तोडतात, 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज बसका आला तर धार गेली समजायची. बाबांचे गुरुजी म्हणे पाटाच्या कडेवर छाटायचे.

बाबांनी कागदावर बोट फिरवलं. "गुळगुळीत कसा एवढा?" कागदावर अंड्यातला पांढरा बलक आणि तुरटी फेटून लावतात, गुळगुळीत दगडानं घोटतात, मग निदान वर्षभर ठेवून देतात. त्यामुळं शाई आत शिरत नाही, वर बसते. शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि डिंक, पाण्यात कितीतरी तास खललेली. चुकलं तर ओल्या बोटानं किंवा जिभेनं पुसता येतं. तुर्कीत शिकलेल्या माणसाला 'शाई चाटलेला' म्हणतात, ते यावरूनच.

खरं लिहिलेलं ओळखायचंही यावरूनच. पहिल्या वर्षी मी एका दुकानातून 'हातानं लिहिलेली' हिल्या भलत्या किमतीला घेतली होती. उस्तादांनी काही न बोलता भिंग पुढं सरकवलं. अक्षरांच्या कडेला छपाईचे रंगीत ठिपकेच ठिपके. हातच्या रेघेत शाई सारखी नसते. कलम बुडवून उचललं तिथं गडद, ओढत नेलं तसतशी विरळ, आणि कागद तिरका धरला तर अक्षर वर आल्यासारखं चमकतं.

"म्हणजे पाण्यानं पुसतं?" आईनं मधलं सगळं सोडून एवढंच उचललं. आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा घरात शिरली, तेव्हा आजोबांच्या पोथ्यांचा लगदा झाला होता.

"पुसतं. काचेची चौकट केली तरी आतपर्यंत पाणी गेलं की संपलं."

"मग माडीवर लाव. जिन्यासमोर."

शेजारचे चाचा स्टूल धरायला आले. त्यांना कुराण वाचता येतं, पण सुलुसमध्ये एकमेकांवर चढवलेले शब्द लावताना तेही अडखळले. खालच्या ओळीतला 'रहमत' सापडला तेव्हा त्यांनी काचेवर बोट ठेवून आईला दाखवला, आणि आईनं तो शब्द लगेच म्हटला, कारण चाचांच्या नातीचं नाव तेच.

रात्री खाली आलो तर बाबा माझं कलम घेऊन बसलेले. रोजच्या हिशेबाच्या वहीत 'आ' काढला होता, आणि कान्याशेजारी एकाखाली एक नुक्ते मांडले होते. पाच पुरे, सहावा अर्धा.

"गुरुजींनी हे कधी सांगितलं नाही," ते म्हणाले आणि पान उलटलं.