भाऊंच्या आई गेल्या त्या दिवशीचा मेसेज

हिंगणा एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे, मी तिथे सेल्स आणि डिस्पॅच दोन्ही पाहतो. मार्चचा शेवट चालू होता, पाडवा दोन दिवसांवर आलेला, आणि मार्चएंडला ऑफिसात काय असते ते ज्याचं त्याला माहीत. सकाळी गाडी लोड होऊन राहिली होती तेवढ्यात मसालेवाल्या पार्टीच्या सुपरवायझरचा फोन आला, "आज गाडी नका पाठवू जी, भाऊंच्या आई गेल्या रात्री, चार वाजता वैशालीनगर घाटावर आहे."

भाऊ म्हणजे त्या पार्टीचे मालक. गाडी थांबवली. आमचे साहेब रायपूरला होते, त्यांना कळवलं तर म्हणाले, "अरे बाप रे. एक चांगला मेसेज बनव, मी पाठवतो." दहा मिनिटांत त्यांचाच एक मेसेज आला, कुठून तरी फॉरवर्ड झालेला, पणती, दोन फुलं, खाली "ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व कुटुंबीयांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो", त्याच्या खाली कंपनीचा लोगो आणि "आमच्याकडे तीन, पाच व सात प्लाय बॉक्स मिळतील". ती शेवटची ओळ आमच्या प्रत्येक इमेजवर छापूनच येते, कोणी मुद्दाम टाकली नव्हती, पण वाचणाऱ्याला काय माहीत.

मी साहेबांना फोन केला. लोगो पहिले काढा म्हटलं. दुसरं म्हणजे भाऊंचं घर बौद्ध आहे. त्यांच्या केबिनमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, साहेबांनीच कितीदा पाहिला. 1956 साली दीक्षाभूमीवर ज्या 22 प्रतिज्ञा घेतल्या त्यात श्राद्ध, पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे, आणि अमर आत्मा धम्मात मानतच नाहीत, मग त्या माणसाला त्याच्या आईच्या दिवशी आपण ईश्वर आणि आत्मा कशाला पाठवायचा? भाऊ चिडले नसते, त्यांना सवय असेल, पण आपण नागपुरात राहून एवढं तर पाहू शकतो ना. त्यांच्याकडे आदरांजली म्हणतात, तेरवीच्या जागी जलदान विधी असते. साहेब म्हणाले, "बरोबर आहे, मग तूच लिही."

आता लिही म्हटलं तर मी त्या आईंना एकदाच लांबून पाहिलं होतं. म्हणून साहेबांनाच विचारलं, तुम्ही भेटले होते का त्यांना? पहिले म्हणाले हो एकदोनदा, नमस्कार केला, बस. मग आठवून आठवून सांगू लागले की मागच्या पावसाळ्यात ते भाऊंच्या युनिटवर गेले होते, आई पॅकिंगच्या टेबलापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांनी एक बॉक्स उचलला, कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "बाबू, कागद पातळ झाला तुमचा." आणि खरंच तेव्हा मिलकडून वरचा कागद 180 जीएसएमच्या जागी 150 चा आला होता, आमच्या स्टोअरलाही कळलं नव्हतं. वजनकाट्यावर पकडायची गोष्ट त्या बाईने अंगठ्याने पकडली!

मी म्हटलं हेच लिहू. साहेब म्हणाले, "वेडा आहे काय, दुःखाच्या मेसेजमध्ये आपल्या मालाची तक्रार टाकतो?" इथे आमची थोडी वादावादी झाली. माझं म्हणणं होतं की तक्रार आपल्याला दिसते, भाऊंना त्यात आई दिसेल. आज त्यांच्या मोबाईलवर दोनशे मेसेज येतील आणि त्यात आईचं काहीच नसेल, सगळे कोणाच्याही आईला चालतील असे असतील. शेवटी ते तयार झाले.

पण बाकी पुष्कळ कापावं लागलं. साहेबांना "वय झालं होतं, त्रास न होता गेल्या, सुटल्या" टाकायचं होतं, ते मी काढायला लावलं, हे घरच्यांनी म्हणावं, बॉक्सवाल्याने नाही. कसं झालं, कोणत्या दवाखान्यात होत्या, हे पण नाही, कारण विचारलं की त्यांना पूर्ण हकीकत टाइप करत बसावी लागते. "काही लागलं तर हक्काने सांगा" सगळेच लिहितात, पण सांगणार कोण आणि काय, त्यापेक्षा जे नक्की करणार तेवढंच लिहा म्हटलं. साहेब म्हणाले जलदान विधीला मी येतोच. मग ते लिहिलं. आमच्या अकाउंटंटने मध्येच सुचवलं की "बिलाची काळजी करू नका" टाका, माणुसकीचं वाटते. हेतू चांगला होता, पण काळजी करू नका म्हटलं तरी बिल आठवतेच!

शेवटी मेसेज असा झाला:

"भाऊ, आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. मागच्या पावसाळ्यात बॉक्सच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून 'बाबू, कागद पातळ झाला तुमचा' म्हणाल्या होत्या, ते आज सकाळपासून आठवून राहिलं. आईंना विनम्र आदरांजली. मी रायपूरला आहे, जलदान विधीला येतो. उत्तराची घाई नाही."

खाली फक्त साहेबांचं नाव. कंपनीच्या बिझनेस नंबरवरून नाही, त्यांच्या स्वतःच्या फोनवरून, कारण बिझनेस नंबरवर नावाच्या जागी कंपनी दिसते आणि उत्तर दिलं तर ऑटो रिप्लाय जाते, "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद". साडेबाराला पाठवला. फोन नाही केला, त्या दिवशी फोन कोणा भाच्या-पुतण्याकडे असते. घाटावर मी आणि आमचा ड्रायव्हर जाऊन आलो.

खरं काम त्याच्यानंतर निघालं. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर दर सोमवारी थकबाकीचा मेसेज आपोआप पाठवते, लाल अक्षरात, आणि भाऊंचं एक बिल थकलेलं होतं. तिकडे पाडव्याच्या शुभेच्छांची ब्रॉडकास्ट लिस्ट तयार, त्यात भाऊंचा नंबर. म्हणजे तिसऱ्या दिवशी गुढीचं चित्र आणि त्याच्या मागून वसुली. एवढा जपून लिहिलेला मेसेज वाहून गेला असता. दोन्हीकडून नंबर काढायला लावला.

पण बिल सोडूनही चालत नव्हतं, आणि यात त्यांचंच नुकसान होतं. आम्ही लघु उद्योगात नोंदलेलो, आमचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागते. मुदत उलटून 31 मार्चपर्यंत पैसे नाही गेले तर पार्टीला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळते. म्हणून आमच्या अकाउंटंटने त्यांच्या अकाउंटंटला फोन केला, भाऊंना नाही, आणि एवढंच सांगितलं की तारीख तुमच्या लक्षात असू द्या, आमच्याकडून घाई नाही. तो म्हणाला सही भाऊंचे लहाने भाऊ करू शकतात, मी पाहतो. 31 ला पैसे आले.

भाऊंचं उत्तर चौथ्या दिवशी रात्री आलं, "आई घरीही पिठाच्या पिशव्या अशाच दाबून पाहायची." साहेबांनी मला स्क्रीनशॉट पाठवला, सोबत काही लिहिलं नाही. जलदान विधीला ते गेले, जेवून आले.

आता अकाउंटंटचं आणि माझं एकाच गोष्टीवर अडलेलं आहे की रिमाइंडर पुन्हा केव्हा चालू करायचं. तो म्हणतो पंधरा दिवस पुरे, सिस्टममध्ये तारीख टाकून मोकळं व्हा. मी म्हणतो भाऊंचा स्वतःचा ऑर्डरचा फोन येईपर्यंत नाही, सुपरवायझरचा आला तरी नाही. सध्या बंदच ठेवलं आहे.