‘अगेन’ खोडला आणि फसलो

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या ऑफिसला आहे मी, बाहेरच्या कस्टमरला जाणारे मेल माझ्या नजरेखालून जातात. परवा सेल्सच्या साहेबांनी जर्मनीच्या कस्टमरला पाठवायचा मेल दिला, त्यात तीन वाक्यं होती. बारा कास्टिंग ‘रिटर्न बॅक’ करा, आम्ही हार्डनेस टेस्ट ‘रिपीट अगेन’ करतो, आणि ड्रॉइंगबद्दल ‘रिव्हर्ट बॅक’ करा.

असं लिहिण्यात साहेबांचा दोष नाही, आपल्या ‘परत’चा आहे. ‘परत’ म्हणजे माघारी पण आणि पुन्हा पण, आणि आपण ‘परत पाठवा’ म्हणतो तेव्हा ‘परत’ वेगळा शब्द असतो, म्हणून इंग्रजीत पण त्याच्यासाठी वेगळा शब्द टाकल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पण रिटर्न, रिपीट, रिव्हर्ट या तिन्हींच्या सुरवातीच्या ‘रि’मध्येच ते ‘परत’ बसलेलं असतं, लॅटिनमधून आलंय ते.

म्हणून मी सरळ कात्री लावली. ‘रिटर्न बॅक’मधला बॅक काढला, वाक्य जसंच्या तसं राहिलं. मग ‘अगेन’ पण काढला आणि क्वालिटीच्या पोराला दाखवायला गेलो. तो बघूनच म्हणला, “दादा, एकदा रिपीट करून रिपोर्ट गेलाय की त्यांना. आता तिसऱ्यांदा करायचीय.”

म्हणजे साहेबांच्या त्या ‘अगेन’ला काम होतं, आणि मी तो फालतू समजून खोडला होता. कस्टमरला वाटलं असतं की जुन्याच टेस्टचं सांगतायत. अर्थात ‘अगेन’ ठेवून पण तिसरी टेस्ट कळली नसतीच, कारण निम्मी माणसं तो शब्द असाच लावतात. शेवटी ‘रिपीट’ पण काढला आणि ‘तिसऱ्यांदा टेस्ट करतो’ असं इंग्रजीत स्पष्ट लिहिलं.

‘रिव्हर्ट बॅक’चा घोळ मात्र वेगळाच. नुसता बॅक काढून तिथं भागत नाही. आपल्याकडं सगळी ऑफिसं रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या असं धरून चालतात, पण बाहेर त्याचा नेहमीचा अर्थ पहिल्या स्थितीला परत जाणं. आमच्या ड्रॉइंगच्या रिव्हिजन बी आणि सी दोन्ही फिरत होत्या, तिथं ‘ड्रॉइंगवर रिव्हर्ट करा’ वाचून समोरच्यानं जुनी रिव्हिजन बी काढली असती तर पॅटर्नपासून सगळं चुकलं असतं. तिथं ‘रिप्लाय’ घातला आणि शुक्रवारपर्यंत म्हणून तारीख टाकली.

साहेब म्हणले, एवढ्याशा मेलला पाऊण तास? मला त्याचं वाईट वाटलं, कारण शब्द खोडायला दोन मिनिटं पण लागली नव्हती. बाकीचा वेळ तो शब्द तिथं कशाला होता हे विचारत फिरण्यात गेला, आणि तेवढं विचारल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या मेलला हात लावूच नये असं माझं मत आहे. त्या दिवसापासनं शब्द खोडायच्या आधी त्याच्यावर अंगठा ठेवून वाक्य वाचतो, आणि ज्याला आतली गोष्ट माहीत आहे त्याला पण वाचायला लावतो.